कार्ड बदलायला गेले आणि ९,९९८ रुपये घालवून बसले

सोलापुरात आमचं चादरी-टॉवेलचं छोटं दुकान आहे. निम्म्या ऑर्डरी आता वेबसाइटवरून येतात. त्या वेबसाइटच्या प्लॅनचे दर महिन्याच्या ५ तारखेला ७९९ रुपये माझ्या डेबिट कार्डावरून आपोआप कापले जातात. त्या कार्डाची मुदत डिसेंबरअखेर संपत होती आणि बँकेकडून नवीन कार्ड आलं होतं. जानेवारीत संक्रांत आणि गड्ड्याची यात्रा, म्हणजे ऐन धंद्याचे दिवस. तेव्हाच साइट बंद पडली तर काय करायचं, याची मला धास्ती होती. शिवाय नवीन कार्ड टाकलं की लगेच पुन्हा पैसे कापतील, असंही वाटत होतं.

२० डिसेंबरला दुपारी मोबाइलवर त्या कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक शोधला. सगळ्यात वर दिसला तो लावला. पलीकडचा माणूस स्वच्छ मराठी बोलत होता. म्हणाला, "मॅडम, तुम्ही स्वतः कार्ड बदललं तर प्लॅन नव्याने सुरू होईल आणि आजच पैसे जातील. मी इथूनच बदलून देतो, सेवा एक मिनिटही थांबणार नाही. फक्त यूपीआय आयडी सांगा आणि एक रुपयाची विनंती मंजूर करा."

माझ्या मनातल्या दोन्ही भीती त्याने अचूक बोलून दाखवल्या, म्हणून मी विश्वास ठेवला.

यूपीआय ॲपमध्ये विनंती आली. वर मोठ्या अक्षरात १ रुपया होता. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं मी नंतर वाचलं: दर वेळी ५,००० रुपयांपर्यंत, मागणी येईल तेव्हा, आणि मुदत पुढच्या कित्येक वर्षांची. घेणाऱ्याचं नाव माझ्या कंपनीचं नव्हतंच. ती विनंती एका रुपयाची नव्हती, ते ऑटोपेचं मँडेट होतं, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची आगाऊ परवानगी. असं मँडेट एकदा पिन टाकून मंजूर केलं की १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या कपातीला पुन्हा पिन लागत नाही. मी पिन टाकला.

ऑटोपेत पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते. तशी ती मला त्याच संध्याकाळी आली, ४,९९९ रुपयांची. वाटलं, बदलाचीच काहीतरी असेल. २१ला पैसे गेले. त्याला फोन केला तर म्हणाला, "सिस्टिमची चूक आहे, ४८ तासांत परत येतील. पण मँडेट रद्द करू नका, नाहीतर साइट बंद होईल." मी घाबरून हात लावला नाही. २३ला आणखी ४,९९९ गेले.

२४ला तिसरी सूचना आली तेव्हा भाचा शेजारी बसला होता. त्याने नाव वाचलं आणि विचारलं, "मावशी, ही कंपनी कोणती?" ॲपच्या ऑटोपे विभागात जाऊन त्याने ते मँडेट तिथल्या तिथे रद्द केलं, मला पिन टाकायला लावला आणि तिसरी कपात थांबली. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, cybercrime.gov.in वरही केली. बँकेत गेले तर साहेब म्हणाले, मंजुरी तुमच्याच पिनने झाली आहे, त्यामुळे पैसे परत मिळणं अवघड आहे. पहिल्याच सूचनेला जागी झाले असते तर एक रुपयावर भागलं असतं, हे मला अजून सलतं.

खरं काम त्याच रात्री दहा मिनिटांत झालं. वेबसाइटच्या माझ्या खात्यात शिरून बिलिंगमध्ये नवीन कार्ड जोडलं, ओटीपी टाकला. पडताळणीचे २ रुपये कापले आणि परत आले. नवीन कार्ड मुख्य म्हणून निवडलं. पुढची तारीख ५ जानेवारीच राहिली. पैसे पुन्हा कापले जातात ते प्लॅन रद्द करून परत घेतला किंवा 'आत्ता नूतनीकरण करा' दाबलं तर. आम्ही त्या दोन्ही बटणांना हातही लावला नाही. जुनं कार्ड लगेच काढलं नाही. तारीख जवळ असती तर जुन्या कार्डावरच्या कपातीची सूचना आधीच निघालेली असते, मग कोणतं कार्ड लागेल याचा गोंधळ होतो. म्हणून भाचा म्हणतो, बदल नेहमी कपात झाल्या झाल्या करावा, हातात जवळपास महिना राहतो. प्लॅन फोनच्या ॲप स्टोअरमधून घेतला असेल तर मात्र बदल तिथल्याच सबस्क्रिप्शन विभागात करावा लागतो, कंपनीच्या साइटवर तो सापडत नाही.

५ जानेवारीला नवीन कार्डावरून ७९९ रुपये गेले, एकदाच. ६ला जुनं कार्ड काढून टाकलं. गड्ड्याच्या आठवड्यात साइट एकदाही थांबली नाही. ९,९९८ रुपयांच्या तक्रारीचा क्रमांक माझ्या वहीत आहे, पैसे अजून आलेले नाहीत.