शॉर्ट फिल्मला व्हॉइसओव्हर ठेवायचा की काढायचा? दोन्ही कट करून बघितल्यावर

एडिट टेबलवर बसलेल्या बऱ्याच जणांना हा प्रश्न पडतो, इफ्फी चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत पणजीत चहाच्या टपरीवर सुद्धा यावर भांडणं होतात, आणि एक बाजू हमखास म्हणते की व्हॉइसओव्हर म्हणजे कुबडी, पटकथा जमली नाही की माणूस वरून बोलायला लागतो. दुसरी बाजू लगेच चार मोठ्या सिनेमांची नावं फेकते. मला दोन्ही बाजू अर्ध्या पटतात. पण मी माझ्या फिल्मचे दोन्ही कट केलेत, आवाजासकट आणि आवाजाशिवाय, त्यामुळे जे जाणवलं ते सांगतो, तुमच्या गोष्टीला लागू पडेलच असं नाही.

फिल्म गोव्यातल्या डिचोली भागातली. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, खनिज वाहणारा घरातला ट्रक, म्हणजे टिप्पर, अंगणात उभा राहिला, बाबा घरी बसले, मुलगा आठ-नऊ वर्षांचा. मोठा झालेला मुलगा मागे वळून बोलतोय अशी पटकथा होती, म्हणून व्हॉइसओव्हर पहिल्यापासून होताच.

आवाजवाल्या कटची जमेची बाजू आधी. तो पटकन समजतो. खाणी का बंद झाल्या, ट्रकचं कर्ज कुणाच्या नावावर, मधे किती काळ गेला, हे तीन वाक्यांत होतं, आणि तेवढ्यासाठी बँकेतला सीन शूट करायचा खर्च वाचतो. यात कमीपणा काही नाही. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'मध्ये (1977) अवधचा सगळा इतिहास अमिताभ बच्चनच्या आवाजात आणि ॲनिमेशनच्या तुकड्यात येतो, तोच प्रसंगांमधून दाखवायचा तर वेगळा सिनेमाच काढावा लागला असता. माहिती सांगायची आणि बाजूला व्हायचं, एवढ्यासाठी आवाज असेल तर माझा काही आक्षेप नाही.

मला त्रास झाला तो दुसऱ्याच ठिकाणी. आमच्याकडे एक शॉट होता, जुलैतला पाऊस, अंगणात ताडपत्री टाकलेला टिप्पर, ताडपत्रीच्या दोरीला वेल चढलेला, आणि बाबा पडवीत बसून त्याच्याकडे बघतायत. पंधरा-सोळा सेकंदांचा शॉट, पत्र्यावर पाऊस, लांब कुठेतरी बेडूक. त्यावर वाक्य होतं, "त्या दिवसापासून बाबांचा ट्रक हललाच नाही." आता हे वाक्य सावकाश बोललं तरी चार सेकंद लागतात, पण आवाज नीट ऐकू यावा म्हणून मिक्समध्ये पाऊस खाली घ्यावा लागतो, आणि तो वाक्याच्या थोडा आधीपासून उतरवावा लागतो, नंतर हळूच चढवावा लागतो, नाहीतर झटका ऐकू येतो. म्हणजे चार सेकंदांच्या वाक्याने आठ-नऊ सेकंदांचा पाऊस खाल्ला. बेडूक तर गेलेच. आणि वाक्य संपल्यावर राहिलेला शॉट उगाच लांबलाय असं वाटायला लागलं, कारण कान पुढच्या वाक्याची वाट बघतो, डोळ्यांनी बघायचं राहूनच जातं. मग एडिटरने शॉट कापला. पुढचा पण कापला. सगळी फिल्म वाक्यांच्या मापाने कापली जायला लागली आणि मला ते इतकं खुपलं की तिथेच माझं मन फिरलं.

समीक्षक कुबडी म्हणतात तेव्हा बहुतेक जण "जे दिसतं तेच बोलतात" एवढंच म्हणत असतात. ते खरं आहेच, पण माझ्या मते जास्त नुकसान वेळेचं होतं, म्हणजे बघणाऱ्याला स्वतः कळायला जे दोन-चार सेकंद हवे असतात ते आवाज घेऊन टाकतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण 'ब्लेड रनर', कारण तो दोन्ही प्रकारे बघता येतो. 1982 मध्ये ट्रायल शोच्या प्रेक्षकांना गोष्ट नीट कळली नाही म्हणून स्टुडिओने हॅरिसन फोर्डच्या आवाजातलं निवेदन टाकलं, 1992 च्या डायरेक्टर्स कटमध्ये ते काढलं. शेवटाकडे छपरावर, पावसात, रॉय बॅटी त्याला मारायला आलेल्या डेकर्डला, म्हणजे फोर्डला, वाचवतो आणि स्वतः मरतो. जुन्या कटमध्ये लगेच डेकर्डचा आवाज येतो, याने मला का वाचवलं माहीत नाही, कदाचित शेवटच्या क्षणी त्याला जगण्यावर कधी नव्हे एवढं प्रेम वाटलं असेल, अशा अर्थाचं. नव्यात नुसता डेकर्डचा भिजलेला चेहरा आणि पाऊस. दोन्ही लागोपाठ बघा. जुन्यात मी त्याचं उत्तर ऐकतो आणि मोकळा होतो, नव्यात तोच प्रश्न माझा होतो. (जुना कट आवडणारेही आहेत, त्यांना तो जुन्या डिटेक्टिव्ह सिनेमाचा बाज हवा असतो, ते मी समजू शकतो.)

पण मग 'बॅडलँड्स'चं (1973) काय करायचं? टेरेन्स मॅलिकच्या त्या सिनेमात पंधरा वर्षांची हॉली सगळं सांगत असते, मासिकातल्या प्रेमकथेच्या भाषेत, आणि पडद्यावर तिचा मित्र माणसं मारत सुटलेला असतो. आवाज एक सांगतो, चित्र दुसरंच दाखवतं, आणि त्या दोघांच्या मधल्या फटीत आपल्याला ती मुलगी कळते. आवाज काढला तर गोष्ट समजेल, हॉली समजणार नाही. त्याच्याच 'डेज ऑफ हेवन'मध्ये (1978) लहान मुलीचं निवेदन तर एडिटमध्ये, नंतर आलं, म्हणून नंतर जोडलेलं म्हणजे ठिगळच, असंही म्हणता येत नाही.

हे डोक्यात ठेवून आम्ही आमची सगळी वाक्यं कागदावर काढली आणि प्रत्येकासमोर त्यावेळी पडद्यावर काय दिसतंय ते लिहिलं. बहुतेक ठिकाणी दोन्हीकडे एकच गोष्ट होती. ट्रक हलला नाही, समोर न हललेला ट्रक. आई गप्प झाली, समोर गप्प आई. एक वाक्य मात्र वेगळं होतं. मुलगा टिप्परच्या केबिनमध्ये बसून स्टेअरिंग फिरवतोय, बाहेर बाबा कुणाशी तरी फोनवर हप्त्याबद्दल गयावया करतायत, आणि आवाज म्हणतो, "मला ते वर्ष फार आवडलं होतं, बाबा रोज घरी असायचे." हे कुठल्या शॉटमध्ये दाखवणार? हसणारा मुलगा दाखवला तर तो खेळतोय एवढंच कळतं.

ते एक ठेवलं. बाकी काढलं, कर्जाची माहिती बाबांच्या फोनमध्येच घातली, पाऊस परत वर आणला, टिप्परचा शॉट पूर्ण लांबीचा ठेवला. मग गोष्ट अजिबात माहीत नसलेल्या दोन-तीन जणांना दाखवली. सांखळीच्या मावशींना खाणीचं सगळं कळलं, पण मधे वर्ष गेलं ते नाही कळलं, त्यासाठी चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या माटोळीचा एक छोटा शॉट घालावा लागला. म्हणजे आवाज काढणं फुकटात होत नाही, त्याची किंमत शूटमध्ये द्यावी लागते, आणि तुमचं शूट संपलं असेल, कलाकार पांगले असतील तर तुम्हाला कदाचित दोन वाक्यं ठेवावीच लागतील. ठेवा मग, पण शक्यतो सीन बदलतो तिथे ठेवा, चेहऱ्यावर नको.

ठरवायचं असेल तर माझं म्हणणं एवढंच, की पहिला कट आवाजाशिवाय लावा, ट्रॅक नुसता म्यूट करून नाही, शॉट परत मोकळे करून, कारण आवाजाच्या मापाने कापलेली फिल्म म्यूट केली की लंगडीच वाटते आणि माणूस घाबरून आवाज परत चालू करतो. त्या मोकळ्या कटमध्ये जिथे अडेल तिथेच वाक्य लिहा.