नखाला बुरशी की सोरायसिस?

पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड झालं की बहुतेक जण थेट बुरशीचं मलम आणतात. बुरशी सहसा नखाच्या टोकाकडून किंवा कडेने मागे सरकते. नखाखाली भुसा साचतो, बोटांच्या बेचक्यात चिखल्याही असतात. सोरायसिस या त्वचेच्या आजाराची शंका असेल तर हाताची नखं बघा: बारीक खड्डे, तेलाच्या थेंबासारखा तांबूस-पिवळा डाग, सुटलेल्या भागाला लालसर किनार. कोपर, डोक्याची त्वचाही तपासा.

मार लागल्याचा काळा डाग नखाबरोबर पुढे सरकतो, पायाच्या नखात महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर. सरकलाच नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच.

पंचाईत अशी, की सोरायसिसच्या नखात बुरशीही शिरते. म्हणून बुरशीच्या गोळ्या सुरू करण्याआधी नखाखालचा भुसा बुरशी शोधणाऱ्या केओएच तपासणीला द्यावा.