‘अनुप’ उलटसुलट: रोमन की देवनागरी?

भावाच्या अंगठीवर ‘अनुप’ कोरायचंय, उलटं धरलं तरी तेच वाचता यावं, पण लिपी कोणती, असं एका मैत्रिणीने विचारलं.

मेहनत रोमनमध्ये खूपच कमी. छोट्या लिपीतला एन फिरवला की यू होतो, म्हणजे मधली जोडी आयतीच जुळते. उरतात ए आणि पी. ए गोल पोटाचा काढून त्याची दांडी किंचित वर न्या. फिरवल्यावर तोच पी होतो.

देवनागरीत खरी कसोटी. शिरोरेषा फिरून खाली जाते, म्हणून तशीच रेघ खालीही द्यावी लागते किंवा दोन्ही गाळाव्या लागतात. उजवीकडचा काना डावीकडे येतो. ‘नु’चा उकार तर डोक्यावर चढून मात्रेसारखा दिसतो, त्याला वेलबुट्टीत लपवावं लागतं. जोडरेघा वाढल्या की अंगठीएवढ्या जागेत सगळं गिचमिड होतं.

वाचनीयता तपासायला नाव ठाऊक नसलेल्या माणसाला कागद दाखवा. तो अडखळला, तर रेघा कमी करा.

अंगठीसाठी रोमनच घ्या. दारावरची मोठी पाटी असेल, आणि हाताशी वेळ असेल, तर देवनागरी करा. ती जमली की फार देखणी दिसते.