स्प्रे की पावडर, की सरळ डोकं धुवावं?

ठाण्याहून रोज लोकल पकडणारी माझी भाची रविवारी डोक्यावरून अंघोळ करायची आणि मंगळवार ते शनिवार, रोज सकाळी ड्राय शाम्पूचा स्प्रे मारायची. शुक्रवार उजाडला की हात डोक्यातच. "मावशी, स्प्रे सोडून पावडर घेऊ का?" तिनं विचारलं. दोन्ही डबे शेजारी ठेवून बघितले, पण खाजेचं मूळ डब्यापेक्षा तिच्या वेळापत्रकात निघालं.

दोन्हींत मुख्य काम करतो तो तांदूळ, मका किंवा टॅपिओकाचा स्टार्च. तो मुळाशी सुटलेलं तेल शोषतो, त्यामुळे केस मोकळे दिसतात. नावात शाम्पू असला तरी धुतलं काहीच जात नाही. तेल, स्टार्च आणि मेलेली त्वचा बरीचशी तिथेच बसून राहते, ब्रशने निघेल तेवढीच निघते.

स्प्रेमध्ये स्टार्चबरोबर ब्युटेन-प्रोपेनसारखा वायू असतो आणि बहुतेकदा अल्कोहोल. त्यामुळे तो पातळ, सारखा पसरतो आणि काळ्या केसांत पांढरा कमी दिसतो. घाईच्या सकाळी हाच सोयीचा. मात्र डबा वीतभर लांब धरायला हवा. जवळून मारला तर एकाच जागी गार, ओला, पांढरा ठिपका पडतो, आणि कंगव्याने ओरखडलेल्या जागी अल्कोहोल चांगलंच झोंबतं. पेटत्या शेगडीजवळ, समईजवळ किंवा गरम स्ट्रेटनरजवळ तो मुळीच मारू नये. 2022 मध्ये अमेरिकेत युनिलिव्हरने काही एरोसोल ड्राय शाम्पू बेन्झीन या कर्करोगकारक रसायनाच्या शंकेमुळे परत मागवले, तेव्हा बोट त्यातल्या वायूकडेच दाखवलं गेलं होतं.

पावडरीत वायू नसतो, अल्कोहोलही सहसा नसतं. ज्यांचं डोकं लगेच चुरचुरतं त्यांना मी हीच सांगेन. पण ती खांद्यावर सांडते, आणि भांगात जास्त पडली तर नुकतीच कणीक मळून आल्यासारखं दिसतं. चार-पाच भांग पाडून प्रत्येकात चिमूटभर पुरते. सकाळऐवजी रात्री लावली तर झोपेत ती आपोआप मुरते, सकाळी फक्त ब्रश. (घरातलं कॉर्नफ्लॉवर? एखाद्या वेळी चालून जातं.)

दोन्ही हरतात ते घामापुढे. कोरड्या केसांतलं तेल शोषणं हे त्यांचं काम. ऑक्टोबर हिटमध्ये गर्दीच्या डब्यातून उतरल्यावर ओल्या मुळांवर मारलात तर त्याची खळ होते. चंपी केलेल्या केसांवरही तेच. अशा दिवशी पाणीच हवं.

किती वेळा? दोन धुण्यांच्या मध्ये एकदा, फार तर दोनदा, आणि मग शाम्पूने नीट धुणं. आठवड्यातून दोनदा लावणं बहुतेकांना सोसतं. भाचीचं चुकलं ते इथेच. कालच्या थरावर आजचा थर, असे पाच थर चढत होते, आणि गुण येईना म्हणून ती दरवेळी मात्रा वाढवत होती. शुक्रवारी तिला नखाने मुळाशी हलकंच खरवडायला सांगितलं. नखात राखाडी, चिकट मेणासारखं काहीतरी आलं. हा साचलेला थर. याची खूण अशी की खाज तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढत जाते आणि डोकं धुतलं की थांबते.

खाज थांबली नाही तर प्रकरण वेगळं. मारल्या मारल्या आग होत असेल तर बहुधा अल्कोहोल टोचतंय. पावडर घेऊन बघा. एक-दोन दिवसांनी कानामागे, मानेवर, कपाळाच्या कडेला लाली आणि खाज आली, धुतल्यावरही राहिली, तर सुगंधद्रव्याची ॲलर्जी असू शकते. तिथे स्प्रेवरून पावडरीवर जाऊन उपयोग नाही, कारण वास सहसा दोन्हींत असतो. तेलकट पिवळट पापुद्रे असतील तर तो कोंडा. त्यावर स्टार्च मारणं म्हणजे नुसतं झाकणं. कीटोकोनाझोलचा शाम्पू तीन ते पाच मिनिटं डोक्यावर ठेवून धुवावा. दुखऱ्या, पू भरलेल्या पुळ्या आल्या किंवा केस जागोजागी गळू लागले तर सगळं बंद करून त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.

भाचीने शेवटी पावडर घेतली, पण फरक पडला तो बुधवार रात्रीच्या जास्तीच्या धुण्याने. आता रविवार आणि बुधवार पाणी, सोमवारी आणि गुरुवारी काही नाही, मंगळवार आणि शुक्रवारी पावडर. शनिवारी सुट्टी, तेव्हा अंबाडा. दुसऱ्या आठवड्यात खाज गेली. अर्धा भरलेला स्प्रे तिने फेकलेला नाही, लग्नकार्यासाठी ठेवलाय म्हणे.