संग्रहालयाचा अर्ध्या तासाचा स्लॉट : काही महिने वापरल्यावर, आणि २४० रुपये गेल्यावर

आपल्या नाशिकमधल्या एका खासगी विश्वस्त मंडळाच्या संग्रहालयानं वेळ ठरवून प्रवेश द्यायला सुरुवात केली, त्याला आता बरेच महिने झाले. पद्धत बहुतेकांना माहीत आहे : मोबाइलवर अर्ध्या तासाचा स्लॉट निवडायचा, एका स्लॉटमध्ये ४० माणसं, दारावर क्यूआर कोड दाखवायचा आणि आत जायचं. मी नियमित जाणारी आहे, त्यामुळे या पद्धतीवर कधीतरी लिहायचं होतंच. गेल्या रविवारी जे झालं त्यानंतर राहवलं नाही.

अकराचा स्लॉट होता. सोबत सासूबाई आणि मुलगा. द्वारका चौकात गाड्या हलेनात, आणि दारात पोचेपर्यंत अकरा वाजून बारा मिनिटं झाली. कोड दाखवला तर मशीनवर लाल दिवा. दारावरचे काका भले आहेत, ओळखतातही. ते म्हणाले, "ताई, दहा मिनिटंच सवलत आहे. माझ्या हातात असतं तर सोडलं असतं, पण मशीनच घेत नाही." साडेअकराचा स्लॉट भरलेला, बाराचं तिकीट नव्यानं काढा असं सांगितलं. आधीचे पैसे परत नाहीत. तिघांचे २४० रुपये दोन मिनिटांसाठी गेले. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि बाहेर बसायला बाक नाही, म्हणून त्यांना रिक्षात बसवून आम्ही घरी आलो.

पैशांचा राग आहेच. पण त्याहून जास्त राग आला तो दारातून आत जे दिसत होतं त्याचा. पहिल्या दालनात माणसाला माणूस खेटून उभं होतं आणि त्यापलीकडच्या दालनात दोघं-तिघं फिरत होती. आम्ही बारा मिनिटं उशिरा आत गेलो असतो तर त्या गर्दीत भर पडलीच नसती, कारण तोवर ती पुढे सरकायला लागली होती. म्हणजे गर्दी होऊ नये म्हणून जो नियम केला, त्यानंच ती गर्दी तयार केली होती.

हे नीट कळायला त्या पहिल्या दालनातलं नाण्यांचं कपाट माहीत हवं. तिथे क्षत्रप राजा नहपान याचं एक चांदीचं नाणं आहे, ज्यावर गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाला हरवल्यावर आपला ठसा मारला. १९०६ साली आपल्या जिल्ह्यात जोगलटेंभीला अशा नाण्यांचा मोठा साठा सापडला होता. १३ हजारांहून जास्त नाणी, आणि त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीचा ठसा. कपाटातलं नाणं त्याच जातीचं. बोटाच्या पेराएवढं असेल. वर बसवलेल्या भिंगातून आधी फक्त खरवडल्यासारखं दिसतं. मग डोळा सरावला की तीन कमानींचा डोंगर दिसतो, आणि त्याच्याखालून नहपानाचं नाक आणि ओठ हळूच वर येतात. जिंकणाऱ्यानं हरलेल्याचा चेहरा पुसला नाही, त्याच्यावरच आपली खूण उमटवली. पांडवलेण्यात दोघांच्याही घराण्यांचे लेख आहेत, ते वाचून इथे आलेल्या माणसाला हे नाणं बघताना अंगावर काटा येतो. पण त्यासाठी भिंगापुढे दोन मिनिटं तरी स्वस्थ उभं राहायला मिळायला हवं.

स्लॉट नव्हते तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत ती दोन मिनिटं मिळायची नाहीत. मागून ढकलाढकली, काचेवर मुलांचे हात, कोणाचा तरी फोन भिंगावर धरलेला. म्हणून स्लॉट आले तेव्हा मला ते सरकारी कारभारासारखं वाटलं खरं, पण पहिल्या महिन्यातच मत पालटलं. गुरुवारी दुपारी गेले आणि त्या कपाटापुढे मनासारखं उभं राहता आलं. आजही कोणी विचारलं तर मी सांगेन, स्लॉट हवेतच. माझी तक्रार फक्त त्या दहा मिनिटांच्या सवलतीबद्दल आहे. जवळजवळ सगळा बिघाड तिथून सुरू होतो असं माझं मत आहे, आणि ते हिशेबानं दाखवता येतं.

त्या कपाटापुढे एका वेळी चार माणसं उभी राहू शकतात, कारण भिंगं चारच आहेत. प्रत्येकानं दोन मिनिटं घेतली तर मिनिटाला दोन माणसं मोकळी होतात. आता स्लॉटची ४० माणसं अर्ध्या तासात विखरून आली, तर मिनिटाला एक-दोनच येतात, आणि रांग लागत नाही. पण तिकीट दहा मिनिटांत रद्द होणार हे माहीत असल्यावर ४० जण त्या दहा मिनिटांतच येणार. मिनिटाला चार माणसं येणार आणि दोनच पुढे सरकणार. दहाव्या मिनिटाला वीस माणसं खोळंबलेली, आणि शेवटच्याला आणखी दहा मिनिटं ताटकळायचं. मग तो भिंगाचा नाद सोडतो, खांद्यावरून एक फोटो काढतो आणि पुढे जातो. पाच-दहा मिनिटांनी तोच लोंढा दुसऱ्या दालनात, मग तिसऱ्यात. आणि वीस मिनिटांनी पहिलं दालन इतकं रिकामं की पंख्याचा आवाज ऐकू येतो.

पडताळून बघायचं असेल तर रविवारी अकराच्या सुमारास दाराशी थांबा. अकरा वाजायला पाच मिनिटं असताना रांग फाटकापर्यंत येते, आणि सव्वाअकराला दारावरचे काका चहा पीत असतात. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये वीस मिनिटं दार रिकामं असेल, तर तो स्लॉट नावालाच अर्ध्या तासाचा.

मी हे सगळं कार्यालयात जाऊन सांगितलं. तिथल्या मॅडमनी ऐकून घेतलं, हे मान्य करायला हवं. त्यांचं म्हणणं असं : उशिरा आलेल्यांना सोडलं तर ते पुढच्या स्लॉटमध्ये मिसळतात आणि पुढच्या लोकांवर अन्याय होतो. ऐकायला पटतं. पण अकराचं तिकीट साडेअकरापर्यंत चालेल एवढाच नियम केला, तर अकरा ते साडेअकरामध्ये ४०च माणसं येणार आणि पुढच्या अर्ध्या तासातही ४०च. एखादा अकरा अठ्ठावीसला आला आणि पुढच्या स्लॉटचा पहिला माणूस साडेअकराला आला, तर दोघं एकत्र दिसतील. त्यानं कोणाचं काय बिघडतं? मिसळणं तर आताही होतंच आहे, कारण आत गेलेल्या माणसाला बाहेर काढायची वेळ कुठेच ठरलेली नाही.

खरं तर स्लॉटचा आकडा बाहेरून आत येणारे मोजतो, आत असलेले मोजत नाही. आत किती माणसं आहेत हे प्रत्येक जण किती वेळ थांबतो त्यावर ठरतं. अर्ध्या तासाला ४० जण येत असतील आणि सरासरी माणूस सव्वा तास थांबत असेल, तर आत साधारण १०० माणसं असणार. तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दालनात माहिती सांगणारे गुरुजी बसवले त्या महिन्यात लोक दोन दोन तास रमायला लागले, म्हणजे स्लॉट तेवढाच राहूनही आत १६०. तेव्हा मला वाटलं होतं की यांनी गुपचूप जास्त तिकिटं विकायला काढली. तसं नव्हतं, माणसं बाहेरच पडत नव्हती. बाहेर पडायच्या दारावर कोड बघायचं मशीन नाही, त्यामुळे आतला आकडा कार्यालयालाही माहीत नसतो. शाळांच्या सहली वेगळ्या नोंदणीनं येतात, त्या ४०मध्ये धरलेल्याच नसतात, ते आणखी वेगळं.

ज्यांना आतला आकडा खरंच सांभाळायचा असतो ते जाण्याची वेळही ठरवतात. रोमच्या बोर्गेझे गॅलरीत दोन तासांचा स्लॉट असतो आणि दोन तास झाले की सगळ्यांनी बाहेर पडायचं. मिलानमध्ये लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन' बघायला फक्त पंधरा मिनिटं देतात, कारण माणसांच्या अंगाबरोबर येणारी धूळ आणि दमटपणा त्या भिंतीला सोसत नाही. आपल्याकडे तसं करा असं मी म्हणणार नाही. सासूबाईंसारखं माणूस दोन दालनांमध्ये दहा मिनिटं बसतं, त्याला घड्याळ दाखवणं बरं नाही. पण मग बाहेर पडणारे मोजा आणि आत माणसं जास्त झाली की पुढच्या स्लॉटची थोडी तिकिटं कमी विका. त्याला एक माणूस आणि एक वही पुरेल.

एक गोष्ट आणखी, फार लांबवत नाही. पावसाळ्यातल्या रविवारी तिकीट काढलेले बरेच जण येतच नाहीत. मोबाइलवर मात्र स्लॉट भरलेला दिसतो. निफाडहून, सिन्नरहून सहज आलेली माणसं दारातून परत जातात आणि आत निम्मी जागा रिकामी. तिकीट अर्धा तास चालायला लागलं तर ही रिकामी जागा कळायला उशीर होईल, असं त्या मॅडम म्हणाल्या. तेवढं खरं आहे. त्यावर मला सुचलेला उपाय असा की थोडी तिकिटं, आठ म्हणा, मोबाइलवर न विकता खिडकीवरच ठेवावीत. मग कोणी येवो न येवो, दारात आलेल्याला काही मिळेल.

तोवर तुम्ही जाणार असाल तर सकाळी दहाचाच स्लॉट घ्या. सुरुवातीचा लोंढा तेव्हाही असतो, पण आधीचं कोणी आत नसल्यामुळे अख्ख्या इमारतीत ४०च माणसं असतात. अकरा-सव्वाअकरानंतर १०० होतात आणि दुपारच्या जेवणापर्यंत तशीच राहतात. आत गेल्यावर नाण्यांच्या कपाटापाशी थांबू नका, सरळ शेवटच्या दालनात जा आणि उलटं बघत या. वीस-पंचवीस मिनिटांनी पहिल्या दालनात पोचाल तेव्हा चारही भिंगं मोकळी असतील. घरून निघताना द्वारकेसाठी अर्धा तास जास्तीचा धरा.

कार्यालयात लेखी अर्ज दिला आहे : तिकीट पूर्ण अर्धा तास चालावं, आणि बाहेर एक बाक ठेवावा. २४० रुपयेही मागितले आहेत, ते मी सोडणार नाही. पुढच्या बैठकीत विषय ठेवतो असं उत्तर आलं आहे. काय ठरलं ते इथेच कळवीन.