कपाळावरच्या पहिल्या पुळ्या: सॅलिसिलिकचा फेसवॉश घ्यावा की बेन्झॉइलचं जेल?

माझी भाची तेरा वर्षांची आहे. जूनमध्ये आठवीत गेली आणि महिन्याभरात तिचं कपाळ दुपारपर्यंत तुपासारखं चमकायला लागलं. हात फिरवला की बारीक रव्यासारखं लागायचं. गालावर दोनच लाल पुळ्या होत्या, पण ती आरशासमोरून हलत नव्हती. माझ्या बहिणीने दुकानातून दोन गोष्टी आणल्या होत्या, सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल. आता दोन्ही लावायच्या की एकच, असा तिचा प्रश्न होता.

सुरुवातीला एकच. कोणती, ते पुळ्यांकडे बघून ठरतं. कातडीच्याच रंगाच्या बारीक गाठी आणि काळे ठिपके असले, तर छिद्रं तेलाने आणि मेलेल्या कातडीने बुजलेली असतात. (ठिपका काळा दिसतो म्हणजे आत मळ आहे असं नाही, त्यामुळे घासून तो जात नाही.) इथे सॅलिसिलिक बरं. ते तेलात मिसळतं, छिद्रात उतरतं आणि बुजलेला भाग हळूहळू सैल करतं. पुळी लाल, दुखरी किंवा पू धरलेली असेल, तर तिथे जिवाणू आणि सूज दोन्ही असतात. तिथे बेन्झॉइल पेरॉक्साइड जास्त कामाचं.

दोघांच्या स्वभावातही फरक आहे. फेसवॉश अर्ध्या मिनिटात धुऊन जातो. म्हणून तो सौम्य, पण परिणामही बेताचा. मुलांना मात्र तो जमतो, कारण तोंड तर रोज धुवायचंच असतं. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. जेल रात्रभर चेहऱ्यावर राहतं, त्यामुळे कातडी कोरडी पडते, सोलते, कधी चुरचुरते. शिवाय ते कापडाचा रंग उडवतं, तेव्हा उशीला पांढरा अभ्रा आणि पुसायला पांढराच टॉवेल. जेल घ्यायचं तर अडीच टक्क्यांचं घ्या. पाच किंवा दहा टक्क्यांनी गुण फारसा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते.

माझी निवड फेसवॉश होती, कारण भाचीचा त्रास मुख्यतः कपाळावरच्या गाठींचा होता. पण त्याआधी मी तिच्या वेण्यांकडे पाहिलं. शाळेसाठी रोज सकाळी खोबरेल चोपून दोन घट्ट वेण्या, आणि तेलाची कड थेट कपाळापर्यंत. केसांचं तेल कपाळावर उतरलं की तिथली छिद्रं बुजतात, मग कुठलाही फेसवॉश आणा. तेल बंद करा म्हटलं असतं तर आजी रुसली असती. म्हणून तेल फक्त रविवारी, न्हाण्याआधी दोन तास, आणि न्हाताना कपाळही धुवायचं, असं ठरवलं.

दिनक्रम एवढाच. सकाळी साधं पाणी किंवा सौम्य फेसवॉश, मग हलकं, तेल नसलेलं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. संध्याकाळी खेळून आल्यावर सॅलिसिलिकचा फेसवॉश, बोटांनी, न घासता, आणि पुन्हा थोडं मॉइश्चरायझर. तेलकट कातडीला मॉइश्चरायझर कशाला, असं बहिणीने विचारलं. औषधाने कातडी ताणली की मुलं औषधच सोडून देतात, म्हणून. लिंबू, टूथपेस्ट, बेकिंग सोडा यांतलं काहीही लावायचं नाही. मैत्रिणीने दिलेलं ‘गोरं करणारं’ क्रीम तर अजिबात नाही. त्यात स्टेरॉइड असू शकतं, आणि त्यानेच पुळ्या उठतात.

सहा आठवड्यांनी कपाळ मऊ झालं होतं, पण गालावर लाल पुळ्या येतच होत्या. तेव्हा जेल काढलं. आधी जबड्याखाली तीन रात्री थोडंसं लावून बघितलं. मग एक दिवस आड, कोरड्या चेहऱ्यावर, मटारच्या एका दाण्याएवढं, एकेका पुळीवर न लावता पुळ्या येतात त्या सगळ्या भागावर पसरून. डोळ्यांभोवती आणि ओठांना नाही. थोडं सोलणं चालतं. खाज आणि सूज आली तर ती ॲलर्जी, जेल लगेच बंद करायचं. चेहरा किंवा ओठ सुजले, श्वास लागला, तर थेट दवाखाना. जेलच्या रात्री फेसवॉश साधाच.

ॲडापलीन हा तिसरा पर्यायही गाठींवर चांगला आहे. पण सुरुवातीच्या आठवड्यांत त्याने पुळ्या वाढल्यासारख्या दिसू शकतात, म्हणून तो त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच. खोल दुखऱ्या गाठी, खड्डे किंवा डाग पडायला लागणं, किंवा तीन महिन्यांत काहीच फरक नसणं, अशा वेळीही घरी वाट बघू नये. कपाळावर सगळ्या एकसारख्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या असतील तर तो बुरशीचा प्रकार असू शकतो. त्यावर या दोन्हींचा फारसा उपयोग होत नाही.

भाचीच्या गालावर आता महिन्याला एखादी पुळी येते. शाळेच्या निळ्या टॉवेलवर मात्र दोन पांढरे डाग पडलेत, कारण पांढरा टॉवेल ती एकदा विसरली होती.