ओट्स-गुळाची कुकी: मिश्रण लगेच भाजावे की मुरू द्यावे?

रोल्ड ओट्स, कणीक, लोणी, किसलेला गूळ आणि थोडे दूध कालवून लगेच १७० अंश सेल्सिअसवर भाजले, तर ओट्सच्या चपट्या पाकळ्यांनी ओलावा अजून पुरेसा शोषलेला नसल्याने वितळलेले लोणी आणि पाघळलेला गूळ मोकळेपणाने पसरतात. कुकी पातळ व कडेने कुरकुरीत होते, पण ओट्स दाताखाली सुटे लागतात. तेच मिश्रण अर्धा तास झाकून ठेवले, की ओट्समधील बीटा-ग्लुकान हा तंतुमय घटक आणि स्टार्च पाणी धरून ठेवतात, चमच्याला चिकटणारे मिश्रण हाताने वळण्याइतके घट्ट होते आणि कुकी कमी पसरून मध्यभागी जाड, मऊसर चिवट राहते. चिवटपणाच हवा असेल, तर मुरवणे मला निःसंशय अधिक योग्य वाटते. मात्र रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेले गोळे फारसे पसरत नाहीत, म्हणून ते भाजण्यापूर्वी तळहाताने चपटे करावेत.